आवळ्याची पूड तपकिरी का पडते?

कार्तिकातलं आवळी भोजन आलं की नाशिकला गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात आवळे दिसू लागतात. त्याच सुमारास फोनवर एक जुना संदेश फिरू लागतो: ‘आवळ्यातलं सी जीवनसत्त्व कितीही उकळा, वाळवा, नष्ट होत नाही.’ हे चूक आहे. इतर फळांपेक्षा ते आवळ्यात जास्त तग धरतं, एवढंच खरं.

सी जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. ते दोन पायऱ्यांनी जातं. आवळा चिरला की पेशी फुटतात, हवा आत शिरते आणि आम्लाचं ऑक्सिडीकरण होऊन डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल बनतं. इथवर फारसं बिघडलेलं नसतं, कारण आपलं शरीर ते पुन्हा मूळ रूपात आणू शकतं. पण पुढे पाण्याशी क्रिया होऊन रेणूतलं कडं उघडतं. मग परतीची वाट नाही, आणि उष्णतेने हे सगळं भराभर होतं.

आवळा पहिल्याच पायरीवर अडसर घालतो. एक तर तो आंबट, आणि आंबट रसात ही क्रिया मंदावते. दुसरं म्हणजे त्यातली तुरट टॅनिनं. ती ऑक्सिजन स्वतःवर घेतात आणि क्रियेला वेग देणारे तांबं-लोखंड धरून ठेवतात. लोखंडी किसणीवर आवळा किसून पाहा, कीस निळसर काळा पडतो. टॅनिनाने लोखंड पकडल्याचाच तो रंग. म्हणून स्टीलची किसणी घ्यावी.

वाळवताना आकडे फसवतात. समजा 100 ग्रॅम ताज्या गरात 400 मिलिग्रॅम सी आहे. तो वाळून 20 ग्रॅम उरला. प्रयोगशाळेने सांगितलं की 100 ग्रॅम पुडीत 1000 मिलिग्रॅम आहे, तर पूड ताज्याच्या अडीचपट वाटते. पण आपल्या 20 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमच आहे. पाणी उडालं म्हणून सी दाट दिसलं. निम्मं गेलं ते गेलंच. पाकिटावरचे ‘कित्येक पट’चे दावे वाचताना हा हिशोब करावा. तरीही प्रौढ पुरुषाची दिवसाची शिफारस 80 मिलिग्रॅमची आहे, हे पाहता उरलेलं थोडं नाही.

फोडी वाळवण्याआधी दोन-तीन मिनिटं वाफवल्या तर ऑक्सिडीकरण करणारं विकर निकामी होतं. पाण्यात उकळू नयेत, सी पाण्यात उतरतं. मोरावळ्यासाठी उकळलेलं पाणी फेकलं की तेही गेलं. लोणच्यात ते खारात उतरतं, म्हणून खारही जेवणात घ्यावा.

पुडीचा खरा शत्रू ओल. दळल्यावर हवेला भिडणारा पृष्ठभाग अफाट वाढतो आणि पूड दमट हवेतलं पाणी ओढते. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओट्यावरच्या काचेच्या बरणीत आधी गाठी झाल्या, मग फिकट पूड चॉकलेटी झाली. कडं उघडल्यावर रेणू आणखी तुटत जातात, आणि त्या तुकड्यांपासून बनणारे पदार्थही हा रंग देतात. आता मी महिन्यापुरती पूड छोट्या, घट्ट झाकणाच्या अपारदर्शक डब्यांत भरते. फ्रीजमधला डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडते, नाहीतर आत दव धरतं.