वेगळं लॉगिन आणि मर्यादित राइट्स: एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही

मालक, काउंटरवर तीन पोरं बसतात, तिघंही बिलिंग सॉफ्टवेअरच्या अॅडमिन लॉगिननेच बिलं मारतात आणि तुम्ही म्हणता पासवर्ड टाकलाय की. पासवर्डनं बाहेरचा माणूस अडतो हो, आतला नाही.

आता बघा, नवी पेठेत खरेदीला आलेलं गिऱ्हाईक दोन चादरी न् चार टॉवेल घेतं, १,८५० रोख देतं, बिल घेऊन जातं. अर्ध्या तासानं कोणीतरी ते बिल कॅन्सल करतं आणि गल्ल्यातनं १,८५० काढून घेतं. रात्री सॉफ्टवेअरमधली रोख आणि गल्ला अगदी बरोबर जुळतो, त्यामुळं कोणाच्या लक्षातच येत नाही. पण कॅन्सल केल्यावर माल स्टॉकात परत आला असं सॉफ्टवेअर धरतं, रॅकवर मात्र दोन चादरी न् चार टॉवेल कमी, म्हणजे माल मोजाल तेव्हाच कळणार. मग लॉग उघडला तर नाव काय, अॅडमिन! तिघांवर संशय, त्यातली दोन पोरं तर बिचारी सरळ, हे मला फार लागतं.

वेगळं लॉगिन दिलं तर बिल कोणाच्या नावावर कॅन्सल झालं ते वेळेसकट दिसतं. पण ते झाल्यावर दिसतं, अडत नाही. आणि लॉगिन वेगळं पण राइट्स अॅडमिनचेच असतील तर त्यातला एखादा दुसऱ्याचा पासवर्ड बदलून त्याच्या नावानं कॅन्सल करू शकतो, मग त्या नावाला काय किंमत राहिली?

राइट्स कमी केले की कॅशियरला कॅन्सलचं बटणच चालत नाही. पण नुसतं तेवढंच करून तिघांना एकच लॉगिन ठेवलं तर गल्ल्यात ५०० कमी आले की कोणाकडनं गेले ते कळत नाही. (गल्ला एकच असेल तर वेगळ्या लॉगिननंही नाही कळणार, प्रत्येकाचा ड्रॉवर वेगळा पाहिजे.)

म्हणून दोन्ही करा. कॅशियरला बिल करणं, पैसे घेणं, ५ टक्क्यांपर्यंत डिस्काउंट एवढं चालू ठेवा. कॅन्सल, मागची तारीख, रेट बदलणं, बॅकअप रिस्टोअर आणि युजर बनवणं बंद. डिस्काउंट अगदी शून्य नका करू, नाहीतर दिवाळीच्या गर्दीत दर दोन मिनिटाला तुम्हाला हाक येणार आणि वैतागून तुम्हीच तुमचा पासवर्ड सांगून मोकळे होणार, बहुतेक दुकानात असंच होतं. चहाला उठताना लॉगआउट करायची सवय लावा, शिवाय स्क्रीन पाच मिनिटात आपोआप लॉक होईल असं सेटिंग ठेवा.

बिलच न करता माल दिला तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही, त्याला दारावर बिल बघणारा माणूस आणि महिन्याची माल मोजणी लागतेच.