थोडक्यात टळलेल्या अपघाताचा अहवाल : तटस्थ आणि गुळमुळीत

प्रयोगशाळेत एखादा अपघात होता होता टळला, की त्याचा पहिला अहवाल बहुधा त्याच संध्याकाळी, घाईत आणि काहीशा रागात लिहिला जातो. तो सुरक्षा समितीकडे आल्यावर कोणीतरी त्याला तटस्थ रूप द्यायला बसते आणि पुष्कळदा त्यातून तटस्थ नव्हे, तर गुळमुळीत अहवाल तयार होतो. हे दोन्ही अहवाल वरवर सारखे दिसतात, कारण दोन्हींत कोणाचे नाव नसते, दोन्हींचा स्वर शांत असतो आणि दोन्ही वाचून कोणी दुखावले जात नाही. फरक इतकाच, की त्या दिवशी तिथे नसलेल्या माणसाला तटस्थ अहवालावरून घटना जशीच्या तशी मांडून पाहता येते आणि गुळमुळीत अहवालावरून येत नाही.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांना परिचित असलेला एक प्रकार नमुन्यादाखल घेऊ. त्यातील वेळा आणि मापे केवळ उदाहरणासाठी धरली आहेत. मूळ अहवाल असा आहे : ‘आज दुपारी एका नवख्या विद्यार्थ्याने निष्काळजीपणे नायट्रिक आम्ल चुकीच्या बाटलीत ओतले. लेबल वाचण्याचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. भयंकर प्रक्रिया होऊन विषारी वायू निर्माण झाला. सुदैवाने मोठी दुर्घटना टळली. सर्वांना कडक ताकीद देण्यात आली आहे.’

त्याचे गुळमुळीत रूप असे होते : ‘दुपारच्या सत्रात टाकाऊ रसायनांच्या बाटलीत परस्परविसंगत द्रव्ये मिसळली गेल्याने वायू निर्माण झाला. वेळीच योग्य ती काळजी घेण्यात आल्याने हानी झाली नाही. संबंधितांना आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या असून यापुढे दक्षता घेण्यात येईल.’

मला विचाराल तर या दोहोंपैकी पहिला अहवाल अधिक उपयोगाचा आहे. तो अन्यायकारक आहे, पण आम्ल कोणते होते, ते ओतणारा नवखा होता आणि लेबलाविषयी काही प्रश्न होता, एवढे तरी त्यातून कळते. दुसऱ्याने राग काढून टाकताना ही माहितीही काढून टाकली. ‘मिसळली गेल्याने’, ‘घेण्यात आल्याने’, ‘देण्यात आल्या’ या क्रियापदांना कर्ताच नाही, त्यामुळे कोणती कृती कोणत्या भूमिकेतल्या माणसाने कधी केली हे विचारायलाही जागा उरत नाही. तटस्थ लेखनात नाव गाळले तरी कर्ता गाळायचा नसतो. नावाच्या जागी ‘प्रयोगशाळा सहायक’, ‘संशोधक विद्यार्थी’ अशी भूमिका लिहायची असते.

आता घटनाक्रम पाहू. दोन्ही अहवाल दुपारी आम्ल ओतण्यापासून सुरू होतात, कारण गडबड तिथून जाणवू लागली. परंतु ज्या बाटलीत ते ओतले ती तिथे कशी आली, हे विचारत मागे गेले की क्रम सकाळपासून सुरू होतो आणि मग तो असा लिहिता येतो :

‘सकाळी सुमारे १०.३० वाजता प्रयोगशाळा सहायकाने आयसोप्रोपिल अल्कोहोलची रिकामी झालेली अडीच लिटरची काचेची बाटली टाकाऊ आम्लासाठी फ्यूम हूडमध्ये ठेवली आणि जुन्या लेबलावर “वेस्ट” असे लिहिलेला कागद चिकटवला. बाटली आधी विसळली होती का, याची नोंद नाही. दुपारी ३.४० वाजता एका संशोधक विद्यार्थ्याने काचसामान स्वच्छ करण्यासाठी वापरलेले सुमारे ३०० मिलिलिटर संहत नायट्रिक आम्ल तिच्यात ओतले, झाकण घट्ट लावले आणि तो शेजारच्या खोलीत गेला. ३.४५ ते ४.२५ या वेळात हूडजवळ कोणी नव्हते. ४.२५च्या सुमारास एका संशोधक विद्यार्थिनीला झाकणाजवळून वायू सुटल्यासारखा आवाज ऐकू आला आणि बाटलीतील मोकळ्या जागेत तपकिरी वायू दिसला. तिने झाकणाला हात न लावता हूडची सरकती काच पूर्ण खाली ओढली, खोलीतील तिघांना बाहेर नेले आणि प्रयोगशाळा प्रमुखांना फोन केला. सुमारे ६ वाजता दाराच्या काचेतून पाहिले असता बाटली शाबूत होती आणि तपकिरी वायू दिसत नव्हता. कोणालाही इजा झाली नाही.’

यात विद्यार्थ्याची बाजू कोणी मांडलेली नाही, तरीही ‘चुकीची बाटली’ हा आरोप आपोआप गळून पडला. बाटली टाकाऊ आम्लासाठीच ठेवलेली होती आणि वाचण्यासारखे लेबल त्या कागदाखाली झाकलेले होते. घटनाक्रम पुरेसा मागून सुरू केला की अन्याय दूर करायला वेगळी वाक्ये लिहावी लागत नाहीत. तो किती मागे न्यायचा याला माझे उत्तर असे, की त्या परिस्थितीतली शेवटची नेहमीसारखी स्थिती सापडेपर्यंत. इथे ती म्हणजे टाकाऊ आम्लाच्या खास बाटल्या शिल्लक असण्याचा दिवस.

वरच्या मजकुरात ‘नायट्रोजन डायऑक्साइड तयार झाला’ असे कुठेही नाही, तपकिरी वायू दिसला एवढेच आहे. दिसले, ऐकू आले, मोजले ते घटनाक्रमात; त्यावरून काढलेला निष्कर्ष त्याच्या आधारासह स्वतंत्र परिच्छेदात : ‘संहत नायट्रिक आम्ल अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण करते; ही प्रक्रिया सुरुवातीला संथ असून उष्णतेबरोबर वेगावते आणि तिच्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात. वायूचा तपकिरी रंग आणि मधला सुमारे पाऊण तासाचा अवधी याच्याशी जुळतात. बाटलीत किती अल्कोहोल उरले होते हे माहीत नाही.’ गुळमुळीत अहवाल नेमका याच्या उलट वागतो. ‘विसंगत द्रव्ये’ हा निष्कर्ष तो वस्तुस्थिती म्हणून देतो आणि रंग, आवाज, वेळ ही निरीक्षणे वगळतो. रिकाम्या चाळीस मिनिटांची नोंद ठेवणेही त्याला नकोसे वाटते, कारण रिकामी जागा अपुरेपणा दाखवते. वास्तविक याच नोंदीवरून कळते, की बाटली त्या वेळात फुटली असती तर समोर कोणी नसते. पण ते योगायोगाने, कोणत्याही व्यवस्थेमुळे नव्हे.

पूर्ण अहवालात म्हणून आणखी एक भाग लागतो : इजा कशामुळे टळली? चालू असलेले हूड, खाली ओढलेली काच आणि झाकण न उघडण्याचा निर्णय या तिन्ही गोष्टींनी आपापले काम केले. घट्ट झाकणातूनही थोडा वायू सुटत राहिला हे मात्र नशीब होते. ‘सुदैवाने टळली’ म्हणणारा सगळेच नशिबावर टाकतो आणि ‘योग्य ती काळजी घेतल्याने’ म्हणणारा सगळेच व्यवस्थेच्या खात्यावर जमा करतो.

साहाय्यक परिस्थिती लिहिताना खरी कसोटी लागते. ‘निष्काळजीपणा’ हा निवाडा झाला. आणि ‘मानवी चूक’ हा त्याचाच इस्त्री केलेला पोशाख. परिस्थिती म्हणजे घटनेच्या आधीपासून तिथे असलेली, पाहून किंवा कागदपत्रांवरून पडताळता येणारी अशी बाब, जिच्यामुळे त्या जागी दुसरा कोणीही असता तरी हेच करण्याची शक्यता होती. ‘विद्यार्थ्याने चौकशी करायला हवी होती’ हे वाक्य या कसोटीला उतरत नाही, कारण ते जे घडले नाही त्याविषयी आहे आणि परिणाम कळल्यानंतर सुचलेले आहे. ‘बाटलीवरील कागदावर आतील द्रव्य, तारीख किंवा आधीचा वापर यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते’ हे उतरते. तसेच, टाकाऊ आम्लाच्या बाटल्या भांडारात संपल्या होत्या, हे भांडारनोंदीवरून दाखवता येते. नव्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणात आम्ल हाताळणे होते, पण टाकाऊ द्रव्यांचे वर्गीकरण नव्हते, हे प्रशिक्षणाच्या विषयसूचीवरून दाखवता येते. यांतली प्रत्येक बाब घटनाक्रमातल्या एखाद्या ओळीशी जोडलेली असावी. जी जोडता येत नाही ती खरी असली तरी या अहवालात नको. छत गळते ही तक्रार स्वतंत्र कळवावी.

वैयक्तिक दोष आणि परिस्थिती यांतला हा फरक केवळ कागदी नाही. अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठात ७ जानेवारी २०१० रोजी निकेल हायड्राझिन परक्लोरेटच्या स्फोटात एक पदव्युत्तर विद्यार्थी गंभीर जखमी झाला आणि त्याने तीन बोटे गमावली. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पदार्थ तयार करायचा नाही, अशी मर्यादा असताना त्या दिवशी सुमारे १० ग्रॅम तयार केला गेला होता. ‘मर्यादा मोडली’ एवढ्यावर हा अहवाल संपवता आला असता. अमेरिकी सरकारच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत मात्र ही मर्यादा केवळ तोंडी सांगितली जात होती आणि आधीच्या घटनांची नोंद व देवाणघेवाण पद्धतशीरपणे होत नव्हती, हेही मांडले गेले. पहिल्या वाक्यावरून फक्त शिक्षा ठरवता येते, दुसऱ्यावरून लेखी परवानगीची पद्धत.

प्रतिबंधक उपायांत गुळमुळीतपणा सर्वांत लवकर ओळखू येतो. ‘दक्षता घेण्यात येईल’ हे झाले की नाही हे सहा महिन्यांनी कोणालाही तपासता येणार नाही. तपासता येणारे वाक्य असे : ‘द्रावकांच्या रिकाम्या बाटल्या टाकाऊ आम्लासाठी वापरणे आजपासून बंद. टाकाऊ आम्लाच्या किमान सहा बाटल्या भांडारात शिल्लक ठेवण्याची जबाबदारी भांडारपालाची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रयोगशाळा प्रमुख शिल्लक मोजून नोंदवहीत सही करतील.’ यात उपाय कोणत्या परिस्थितीवर आहे, कोणी करायचा, कधीपासून आणि पडताळायचा कसा, हे चारही प्रश्न सुटतात. भांडारात बाटल्या नसताना केवळ बंदी घातली असती, तर ती दुसऱ्याच आठवड्यात मोडली गेली असती.

उपायाची मर्यादाही तिथेच लिहावी. दाब सोडणारी झाकणे बसवल्यास बाटली फुटण्याची शक्यता कमी होते, पण विसंगत द्रव्ये एकत्र येणे थांबत नाही आणि बाहेर पडणारा विषारी वायू हूडमध्येच राहावा लागतो; म्हणून झाकणे हा बाटल्या वेगळ्या ठेवण्याला पर्याय नाही, असे स्पष्ट वाक्य हवे. प्रशिक्षण जरूर असावे, पण यादीत त्याला पहिली जागा देऊ नये, कारण घाईच्या वेळी आठवणीवर अवलंबून असलेला उपाय सर्वांत आधी निसटतो.

पुनर्लेखन झाल्यावर मसुदा समितीपुढे ठेवण्याआधी प्रयोगशाळा सहायक, आम्ल ओतणारा विद्यार्थी आणि आवाज ऐकणारी विद्यार्थिनी या तिघांनाही वेगवेगळा वाचायला द्यावा. वेळांबाबत त्यांचे एकमत झाले नाही, तर सरासरी काढून एकच वेळ लिहू नये; ‘विद्यार्थ्याच्या मते ३.४०, सहायकाच्या मते ४ च्या सुमारास’ असे दोन्ही लिहावे आणि दाराच्या नोंदयंत्रासारखा एखादा तिसरा आधार मिळाला तर तो जोडावा. मूळ रागावलेला अहवालही फाडू नये. तो तारखेसह समितीच्या धारिकेत ठेवावा, कारण घटनेनंतर काही तासांत लिहिलेला तो एकमेव कागद असतो.