बॅच शीट (ब्रॉयलर कुक्कुटपालन)

मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांची एक तुकडी शेडमध्ये आल्यापासून विकली जाईपर्यंत ज्या तक्त्यावर तिचा रोजचा हिशेब लिहिला जातो, त्याला बॅच शीट म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकरी एकदिवसीय पिल्ले साधारण पाच ते सहा आठवडे वाढवतात आणि पक्षी दोन किलोंच्या आसपास भरले की ते विकतात. शीटवर दररोज मेलेले व काढून टाकलेले पक्षी आणि उघडलेली खाद्याची पोती यांची नोंद होते, आणि दर आठवड्याला काही पक्षी तोलून त्यांचे सरासरी वजन लिहिले जाते. या नोंदींवरून शेवटी तीन आकडे निघतात : मरतुकीची टक्केवारी, खाद्य रूपांतरण गुणोत्तर म्हणजे एफसीआर, आणि दर किलोचा उत्पादन खर्च.

एफसीआर काढताना बॅचने खाल्लेल्या एकूण खाद्याला विकलेल्या जिवंत पक्ष्यांच्या एकूण वजनाने भागतात. मेलेल्या पक्ष्याने खाल्लेले खाद्य या भागाकारात वर राहते, पण त्याचे वजन खाली येत नाही. म्हणून मरतूक किती झाली याइतकेच ती कोणत्या वयात झाली हेही महत्त्वाचे ठरते, आणि रोजची मरतूक वेगवेगळ्या ओळीत लिहिण्याचे खरे कारण हेच आहे.

उदाहरणादाखल ५,००० पिल्लांच्या दोन बॅच घेऊ. हिशेबासाठी पिल्लाची किंमत ४० रुपये, खाद्याचा दर किलोला ४० रुपये आणि औषधे, लस, तूस, वीज, मजुरी मिळून खर्च १,१०,००० रुपये धरला आहे. दोन्ही बॅचमध्ये २५० पक्षी मेले, म्हणजे मरतूक ५ टक्के, आणि उरलेले ४,७५० पक्षी सरासरी २.१ किलोने विकले गेल्याने एकूण वजन ९,९७५ किलो भरले. पहिल्या बॅचमध्ये बहुतेक पिल्ले पहिल्या आठवड्यातच मेली व ३२० पोती, म्हणजे १६,००० किलो खाद्य लागले. तिचा एफसीआर १.६० येतो आणि एकूण ९,५०,००० रुपये खर्चामुळे जिवंत वजनाचा खर्च किलोला सुमारे ९५.२० रुपये पडतो. दुसऱ्या बॅचमध्ये सुमारे २०० पक्षी एप्रिल-मेच्या उन्हाने पाचव्या आठवड्यात मेले. तोवर प्रत्येकाने अडीच किलोंच्या आसपास खाद्य खाल्ले होते, त्यामुळे दहा पोती जास्त गेली, एफसीआर १.६५ झाला आणि खर्च किलोला सुमारे ९७.२० रुपयांवर गेला. मरतुकीची टक्केवारी दोन्ही शीटवर एकच दिसते, तरीही दर किलोमागे दोन रुपयांचा फरक पडतो.

हा खर्च जिवंत वजनाचा आहे. पिसे, आतडी, डोके व पाय काढल्यावर सुमारे ७२ टक्के मांस उरते असे धरले, तर वरील दोन खर्च मांसाच्या किलोला अनुक्रमे सुमारे १३२ व १३५ रुपये होतात, आणि त्यात कापणी व विक्रीचा खर्च अजून धरलेला नसतो. दोन शेतकऱ्यांचे आकडे ताडताना एकाचा जिवंत वजनावर आणि दुसऱ्याचा मांसावर काढलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते.

वेगवेगळ्या वजनाला विकलेल्या बॅचची थेट तुलना फसवी असते, कारण पक्षी जड होत जातो तसे वाढीच्या दर किलोला अधिक खाद्य लागते. यासाठी दोन किलो वजन आधार धरून एफसीआर दुरुस्त करण्याची पद्धत आहे : दोनमधून सरासरी वजन वजा करावे, उत्तराला चारने भागावे आणि ते मूळ एफसीआरमध्ये मिळवावे. १.८ किलोला विकलेल्या बॅचचा १.५५ हा एफसीआर या रीतीने १.६० होतो, तर २.२ किलोच्या बॅचचा १.६३ हा १.५८ वर येतो. म्हणजे वरवर मागे दिसणारी दुसरी बॅच प्रत्यक्षात सरस निघते. हे सूत्र ढोबळ असल्याने दीड किंवा तीन किलोंच्या पक्ष्यांसाठी त्यावर विसंबू नये.

शीट चुकते ती बहुधा भागाकारात नव्हे, तर मोजणीत. हॅचरी विकलेल्या पिल्लांवर दोन टक्के जादा पिल्ले देते. ती आरंभीच्या संख्येत न धरता, त्या संख्येतून विकलेले पक्षी वजा करून मरतूक काढल्यास ती कमी दिसते. बॅच संपल्यावर शिल्लक राहिलेली पोती वजा न केल्यास या बॅचचा एफसीआर वाढतो आणि तेच खाद्य पुढच्या बॅचला फुकट मिळाल्यासारखे दिसते. एक बॅच वाईट व लगेच पुढची विलक्षण चांगली दिसली, तर प्रथम हीच शंका घ्यावी. आरंभीच्या संख्येतून नोंदलेली मर वजा करून येणारा आकडा विकलेल्या पक्ष्यांशी जुळला नाही, तर मेलेले पक्षी लिहायचे राहिले, पिल्ले कमी आली किंवा पक्षी चोरीला गेले, असाच अर्थ निघतो. सांडलेले आणि उंदरांनी खाल्लेले खाद्य मात्र शीटवर वेगळे कधीच दिसत नाही. मरतूक व वजन नेहमीप्रमाणे असून एफसीआर बॅचमागून बॅच चढत गेला, तर खाद्यभांड्यांची उंची पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत आहे का, हे शेडमध्ये जाऊन पाहावे लागते.