हॉटेल-सुविधांच्या शब्दप्रयोगांचे भाषांतर (खानदेश)

निवासी हॉटेल आणि लॉज यांच्या दरपत्रकांत, खोलीतल्या सूचनाफलकांवर आणि आरक्षणाच्या संकेतस्थळांवर ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘सब्जेक्ट टू अवेलेबिलिटी’ आणि ‘ऑन रिक्वेस्ट’ हे तीन इंग्रजी शब्दप्रयोग येतात. ते मराठीत आणताना होणाऱ्या नेहमीच्या चुकांचा विचार या नोंदीत जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. या भागात नुसते ‘हॉटेल’ म्हटले की बहुधा जेवणाचे ठिकाण समजले जाते आणि मुक्कामाच्या जागेला ‘लॉज’ म्हणतात. अजिंठ्यासाठी जळगाव किंवा भुसावळला उतरणारे प्रवासी, धुळ्यात एकत्र येणाऱ्या मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर महामार्गांवरची वाहतूक, सारंगखेड्याची यात्रा आणि लग्नसराई यांमुळे असे फलक येथे सर्वत्र लागतात.

कॉम्प्लिमेंटरी : या शब्दाचे ‘पूरक न्याहारी’, ‘प्रशंसापर न्याहारी’ आणि ‘मानार्थ न्याहारी’ असे तीन अवतार आढळतात. पहिल्याचे मूळ इंग्रजी वर्णलेखनात आहे. एका अक्षराच्या फरकाने लिहिले जाणारे दोन शब्द उच्चारात जवळजवळ सारखे आहेत. त्यांपैकी एकाचा अर्थ पूरक, दुसऱ्याचा सौजन्यदर्शक. दोन्हींच्या मुळाशी ‘भरून काढणे, पुरे करणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. सौजन्याचा अर्थ फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचने तो इटालियनमधून घेतला, याबद्दल फारसे दुमत नाही. त्याच्या मागे जाऊन काही कोशकार तो स्पॅनिश ‘कुम्प्लिमिएंतो’पर्यंत, म्हणजे शिष्टाचाराचे कर्तव्य पुरे करणे या अर्थापर्यंत नेतात. हे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण त्यामुळे ‘पुरे करणे’ आणि ‘मान देणे’ यांतला दुवा सापडतो. इंग्रजीतही सौजन्याच्या अर्थासाठी आधी ‘पूरक’वाल्या शब्दाचेच वर्णलेखन चालत होते. आजचा भेद साधारणतः सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्थिरावला असावा. फुकट प्रवेशिका, फुकट प्रत या अर्थाचा वापर त्यानंतरचा आहे. व्युत्पत्ती काहीही असली, तरी आजच्या फलकावर ‘पूरक’ हा शब्द चूकच ठरतो.

‘मानार्थ’च्या उगमाबद्दल दोन मते संभवतात. एक असे, की तो हिंदीतून आला. हिंदीत ‘मानार्थ नाश्ता’ रूढ आहे, आणि बऱ्हाणपूरच्या बाजूने हिंदीचा वावर खानदेशात जुना आहे. दुसरे असे, की तो मराठी प्रकाशनव्यवहारातल्या ‘मानार्थ प्रत’वरून उचलला गेला. कोशात ‘कॉम्प्लिमेंटरी कॉपी’समोर हा शब्द दिसतो आणि भाषांतरकार पुढचे नाम बदलून तोच ठेवतो. खानदेशातल्या फलकांबाबत पहिले मत जास्त सयुक्तिक वाटते, कारण तेथे ‘मानार्थ’च्या जोडीला बहुधा ‘न्याहारी’ऐवजी ‘नाश्ता’ येतो आणि पुढची वाक्येही हिंदी वळणाची असतात.

‘मोफत’ हा शब्द सोपा आणि सर्वांना कळणारा, पण तोही सर्वत्र चालत नाही. हॉटेल व्यवसायात खोलीचे दर भोजन-योजनेनुसार ठरतात. ‘ईपी’मध्ये फक्त खोली असते, ‘सीपी’मध्ये खोली आणि न्याहारी, ‘एमएपी’मध्ये त्यात आणखी एक जेवण, तर ‘एपी’मध्ये सगळी जेवणे. ‘सीपी’ दरातली न्याहारी फुकट नसते. तिचे पैसे खोलीभाड्यात घेतलेले असतात, आणि तेही बहुधा दोघांचेच. ‘न्याहारी मोफत’ वाचून चार जणांचे कुटुंब बसले, की उरलेल्या दोघांच्या बिलावरून वाद होतो. म्हणून अशा ठिकाणी ‘दोन जणांची न्याहारी खोलीभाड्यात धरलेली आहे’ असे लिहिणे योग्य. खोलीतली पाण्याची बाटली किंवा चहाची पुडी यांना मात्र ‘मोफत’ शोभते. ‘सौजन्याने’ हा शब्द प्रायोजकासाठी रूढ असल्याने येथे टाळावा.

सब्जेक्ट टू अवेलेबिलिटी : यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘उपलब्धतेचा विषय’ असे रूप येऊ शकते, ते अर्थहीन आहे. माणसाच्या हातून होणारी चूक अधिक सुसंस्कृत दिसते : ‘उपलब्धतेच्या अधीन’. हे वळण कायद्याच्या मराठीचे आहे. ‘या अधिनियमाच्या तरतुदींना अधीन राहून’ हा प्रयोग महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतरच्या शासकीय लेखनात रुळला आणि तेथे तो अचूकही आहे, कारण तेथे एक तरतूद दुसरीच्या वर्चस्वाखाली असते. खोली मात्र कोणाच्या अधीन नसते; ती रिकामी असते किंवा नसते. ‘उपलब्धतेनुसार’ हा पर्यायही निसरडा आहे. त्यातून थोडेफार तरी मिळेलच असा अर्थ निघतो. मूळ प्रयोगात काहीच न मिळण्याची शक्यता धरलेली असते आणि निर्णय हॉटेलचा असतो. ‘असेल तरच मिळेल’ यातला ‘तरच’ हे काम पुरे करतो.

ऑन रिक्वेस्ट : ‘विनंतीवर’ आणि ‘मागणीनुसार’ ही दोन रूपे जास्त दिसतात. एसटीच्या ‘विनंती थांबा’ या पाटीमुळे पहिले ओळखीचे वाटते, पण तेथे विनंती केली की बस थांबणे अपेक्षित असते. हॉटेलात हा प्रयोग तेवढी हमी देत नाही. ‘मागणीनुसार’मधून बाजारातल्या मागणी-पुरवठ्याचा वास येतो. मुख्य म्हणजे या प्रयोगात तीन गोष्टी न बोललेल्या असतात : सेवा आपोआप मिळणार नाही, आधी सांगावे लागेल आणि तिचे पैसे पडू शकतात. मराठी वाचकाला त्या सांगाव्या लागतात. आरक्षणाच्या व्यवहारात ‘ऑन रिक्वेस्ट’ खोली म्हणजे अजून पक्की न झालेली खोली, हा वेगळाच अर्थ आहे. तिला ‘विनंतीवर उपलब्ध’ म्हटले तर ग्राहक ती मिळालीच असे समजतो.

उदाहरण म्हणून जळगावातल्या एखाद्या लॉजचा फलक घेता येईल. समजा, त्यावर असे लिहिले आहे : ‘मानार्थ नाश्ता. लवकर तपासणी उपलब्धतेच्या अधीन. अतिरिक्त पलंग विनंतीवर.’ ‘चेक-इन’चे ‘तपासणी’ झाल्यामुळे पहाटेच्या गाडीने उतरलेल्या माणसाला सामान तपासले जाणार असे वाटेल. ‘पलंग’ म्हटल्यावर तो खाटेची वाट पाहील, आणि लॉजमध्ये बहुधा जमिनीवर टाकायची गादी दिली जाते. अशा फलकाचे मराठी पुढीलप्रमाणे असावे : ‘दोन जणांची न्याहारी खोलीभाड्यात धरलेली आहे. खोली दुपारी १२ वाजता मिळते. त्याआधी हवी असल्यास, रिकामी असेल तरच देता येईल. जादा गादी आदल्या दिवशी सांगितल्यास मिळेल, तिचे वेगळे पैसे पडतील.’ शब्द तिपटीहून अधिक झाले, पण काउंटरवरचा वाद टळतो. वेळ, माणसे आणि पैसे यांचे तपशील इंग्रजी फलकावर नसतात, म्हणून भाषांतरकाराने ते लॉजच्या व्यवस्थापकाला विचारूनच लिहावेत. अंदाजाने भरलेला तपशील ग्राहकाला दिलेले वचन ठरू शकतो; दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिलेली आहे.

बोलीतली रूपे : खानदेशच्या बोलण्यात ‘मिळेल’ऐवजी ‘भेटेल’ सर्रास ऐकू येते : ‘गादी भेटेल का?’ फलकावर प्रमाण रूप ठेवावे. काउंटरवर ‘आधी सांगितलं तर भेटेल’ हे उत्तर पुरेसे नेमके आहे.