पीओव्ही कॅप्शन: कॅमेऱ्याच्या जागी प्रेक्षक

‘POV: रात्री ११ वाजता घरी आलास आणि दार आईने उघडलं’ असे कॅप्शन रीलवर येते तेव्हा पाहणाऱ्याने स्वतःला उंबऱ्याबाहेर उभे असल्याचे मानायचे असते. पीओव्ही म्हणजे ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’. चित्रपटाच्या पटकथेत पात्राच्या डोळ्यांनी दिसणारे दृश्य दाखवण्यासाठी लिहिली जाणारी ही खूण आहे. ही युक्ती जुनीच आहे. इंग्लंडमधील जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी १९०० सालच्या एका छोट्या चित्रपटात नातवाला आजीच्या भिंगातून घड्याळ, मांजर आणि खुद्द आजीचा डोळा जसा दिसतो, तसाच तो प्रेक्षकांना दाखवला होता.

१९४७ साली आलेला ‘लेडी इन द लेक’ हा जवळजवळ पूर्ण चित्रपट दिग्दर्शक रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांनी स्वतः साकारलेल्या गुप्तहेर नायकाच्या नजरेतून चित्रित केला. इतर पात्रे थेट भिंगात पाहून बोलतात आणि नायक बहुतांशी आरशातच दिसतो. मात्र प्रेक्षकाला जागा नायकाची मिळाली, तरी त्या जागेवरून ऐकू येणारा आवाज मॉन्टगोमेरींचाच राहिला; काही सेकंदांची गंमत दीड तासाहून अधिक काळ ताणल्यावर ही विसंगती खटकते.

टिकटॉकवरील पीओव्ही व्हिडिओंनी नेमका तो आवाज काढून टाकला. आई दार उघडते, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते, मग भिंगाकडे पाहून ‘जेवलास का?’ विचारते आणि दोन क्षण थांबते. उत्तर आपण मनात देतो, आणि ते ऐकल्यासारखा तिचा चेहरा बदलतो. कोण, कुठे, किती वाजता ही सारी पूर्वकथा एका ओळीच्या कॅप्शनने आधीच सांगितलेली असल्यामुळे दृश्याला थेट मधूनच सुरुवात करता येते. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील्स आणल्या. पीओव्हीची रीत तिथेही रुजली.

पुढे अर्थ घसरला. आता अनेक व्हिडिओंत उशिरा आलेला मुलगाच खाली मान घालून पडद्यावर दिसतो, म्हणजे कॅप्शनमधला ‘तू’ समोर आणि कॅमेरा आईच्या जागी. तिथे पीओव्हीचा अर्थ ‘असं होतं तेव्हा’ एवढाच उरतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: ज्याला ‘तू’ म्हटले त्याचा चेहरा आरशाशिवाय दिसत असेल, तर ती त्याची नजर नव्हे. हा वापर चूक आहे असे टोकणारे पुष्कळ आहेत. मला तो चुकीपेक्षा वेगळाच प्रकार वाटतो, कारण तिथे प्रेक्षकाला दृश्यात उभे करायचे नसून ‘अगदी माझंच!’ म्हणायला लावायचे असते.

मराठीत आणखी एक अडचण येते. इंग्रजीतील ‘यू’ला लिंग नाही, पण ‘आलास’ म्हणताच मुली बाहेर राहतात आणि ‘आलीस’ म्हणताच मुलगे. ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालते, परंतु रागावलेली आई मुलांना अहो-जाहो करत नाही. म्हणून जाणता लेखक क्रियापदच वळवतो: ‘POV: यायला ११ वाजवलेस आणि दार आईने उघडलं’.