एका फ्रेमच्या शक्यतेवरून फ्रेम हॅन्डिकॅपचा भाव: पार्श्वभूमी

स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असं मानलं जातं. तेव्हा जबलपूर ज्या मध्य प्रांतात होतं, त्याची राजधानी नागपूर. म्हणून इथले जुने खेळाडू या खेळावर थोडा जास्तच हक्क सांगतात, आणि ते चुकीचंही नाही. भाव काढण्याच्या हिशोबाचं मूळ त्याहून जुनं आहे. अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम कशी वाटायची, यावर १६५४ मध्ये दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रव्यवहार केला. 'आधी इतके डाव जिंकेल तो विजयी' या प्रकाराचं गणित तिथूनच निघतं.

नागपूरच्या क्लबांत हॅन्डिकॅप म्हटलं की कमजोर खेळाडूला फ्रेमच्या, म्हणजे एका डावाच्या, सुरुवातीला वीस-तीस पॉइंट देणं, एवढंच डोळ्यांसमोर येतं. इथे विषय फ्रेमच्या हॅन्डिकॅपचा आहे. उणे १.५ म्हणजे निदान दोन फ्रेमच्या फरकाने जिंकायचं. आपल्याकडे यावर पैसे लावणं बेकायदा आहे, त्यामुळे पुढे फक्त गणित बघू.

जुन्या काळी हे भाव आजच्यासारखे निघालेच नसते, कारण निकाल लागल्यावरही उरलेल्या फ्रेम खेळल्या जात. १९५२ च्या जागतिक लढतीत ७३ फ्रेम पुरेशा होत्या, पण नोंद आहे ९४–४९ अशी. तिकिटं विकलेली असत, प्रेक्षक येऊन बसलेले असत, म्हणून खेळ चालू राही. विजेता कोण, याची शक्यता अशा जादा फ्रेमनी बदलत नाही. फरक आणि एकूण फ्रेम मात्र पार बदलतात.

पाच फ्रेम जिंकायच्या सामन्यात हे नीट दिसतं. समजा, एका खेळाडूची प्रत्येक फ्रेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. ५–४ जिंकायचं तर पहिल्या आठ फ्रेम ४–४ व्हायला हव्यात आणि नववी त्याने घ्यायला हवी. ४–४ होण्याचे क्रम ७०, म्हणून शक्यता सुमारे १३.९ टक्के येते. नवखा माणूस इथे नऊपैकी पाच निवडून १२६ क्रम धरतो आणि २५.१ टक्क्यांवर पोहोचतो. त्या १२६ मध्ये नववी फ्रेम येण्याआधीच कुणीतरी पाच फ्रेम जिंकून संपलेले सामनेही शिरतात. हे उत्तर नऊच्या नऊ फ्रेम खेळवण्याच्या जुन्या पद्धतीचं आहे. चूक पकडायला सगळ्या स्कोअरच्या शक्यतांची बेरीज करावी; ती शंभरच यायला हवी.

बरोबर मोजलं की सामना जिंकण्याची शक्यता ७३.३ टक्के येते. त्यातून ५–४ चे १३.९ वजा केले की उणे १.५ ची ५९.४ टक्के, म्हणजे शंभराला ५९.४ ने भागून न्याय्य भाव सुमारे १.६८. आठ किंवा नऊ फ्रेम होण्याची शक्यता ४८.४ टक्के, म्हणून 'साडेसातच्या वर'चा भाव सुमारे २.०७.

अलीकडे वाद आहे तो या ६० टक्क्यांवरच. हा एकच आकडा सगळ्या फ्रेमना लावायचा का? एका बाजूचं म्हणणं, ब्रेक आलटून-पालटून असतो, प्रत्येक फ्रेम नव्याने सुरू होते, मग काय बिघडलं? मला हे अपुरं वाटतं. खेळाडूचा त्या दिवसाचा हात कसा चालतोय, हे आपल्याला आधी माहीत नसतं. समजा, निम्म्या दिवशी त्याची फ्रेमची शक्यता ७० टक्के आणि निम्म्या दिवशी ५०. सरासरी तीच, ६०. पण प्रत्येक दिवसाचा सामना वेगळा मोजून सरासरी काढली की विजयाची शक्यता ७०.१ टक्क्यांवर येते आणि साडेसातच्या वरची ४३.६ वर. उणे २.५ ची मात्र ४२ वरून ४३.७ वर चढते. एकतर्फी निकाल वाढतात, अटीतटीचे घटतात.

सामना लांबला की ही दरी रुंदावते. १९८० पासून जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत १८ फ्रेम जिंकण्याची आहे. तिथे स्थिर ६० टक्के धरले तर विजयाची शक्यता जवळपास ८९ टक्के निघते, आणि वरच्या मिश्रणाने जेमतेम ७५. लांब सामन्यात नशिबाचे हेलकावे एकमेकांना खातात, पण आपल्या अंदाजातली चूक तशीच शिल्लक राहते.

सामन्याच्या भावावरून फ्रेमचा आकडा उलटा काढणाऱ्यांचं विजयाचं उत्तर जुळतं, कारण ते जुळवूनच घेतलेलं असतं. चूक हॅन्डिकॅप आणि एकूण फ्रेममध्ये जाऊन बसते. ती तपासायची तर सारख्या भावाचे बरेच सामने गोळा करून ५–०, ५–१ किती झाले आणि ५–४ किती, हे हिशोबाशी ताडून पाहावं. दोन्ही टोकांचे एकतर्फी निकाल सातत्याने जास्त निघत असतील, तर एकाऐवजी दोन-तीन शक्यतांचं मिश्रण घेऊन भाव पुन्हा मांडावेत.