साडीच्या नावातले कप्पे

हातमागाच्या साड्यांचं ऑनलाइन दुकान मांडायला बसलं की पहिल्याच दिवशी वाद होतो: मेनूत ‘पैठणी’ लिहायचं, ‘रेशमी’ लिहायचं की ‘महाराष्ट्र’? वाद सुटत नाही, कारण तिन्ही बरोबर असतात. त्याचं मूळ साड्यांना नावं कशी पडली यात आहे.

पेठेतल्या दुकानात या नावांना कप्पे लागत नव्हते. गादीवरचा माणूस दोनच गोष्टी विचारायचा, कशासाठी हवी आणि कितीपर्यंत. मग गठ्ठे उलगडायचे. त्याच्या बोलण्यात नाव हे बहुतेकदा गावाचं असे: इरकल, नारायणपेठ, चंदेरी, महेश्वरी, पैठणी. पण इकत हे गाव नव्हे, ते तंत्र. विणण्याआधीच सूत बांधून रंगवायचं. नऊवारी ही लांबी. बांगडी मोर ही पदरावरची नक्षी, तर मुनिया काठावरचे पोपट. आणि गावाचं नावही गावात राहिलं नाही. पैठणीचे बहुतेक माग आज येवल्यात आहेत, तरी तिला कुणी येवली म्हणत नाही.

एकच साडी घ्या: येवल्यात विणलेली, नऊवारी, रेशमी, मुनिया काठ, बांगडी मोर पदर. झाडासारख्या रचनेत ती एकाच फांदीवर बसवावी लागते. ‘नऊवारी’त टाकली तर पैठणी शोधणाऱ्याला दिसत नाही, ‘पैठणी’त टाकली तर नऊवारीवाल्याला. दोन्हीकडे टाकली तर एकाच साडीची दोन पानं होतात, आणि विकली गेल्यावर एका पानावर ती शिल्लकच दिसत राहते.

ही अडचण पुस्तकांच्या बाबतीत आधी सुटली होती. १९२४-२५ मध्ये ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेलेल्या एस. आर. रंगनाथन यांनी तिथल्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडणी बदलली की वस्तू वेगळी. त्यातून १९३३ साली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत आली: पुस्तकाला आधीपासून ठरलेला कप्पा द्यायचा नाही, त्याचे पैलू स्वतंत्रपणे नोंदवायचे आणि मग जोडायचे. आज साइटच्या डाव्या बाजूला दिसणारे फिल्टर त्याच विचारातले. मेनूत परंपरेचं नाव एकदाच. तंत्र, धागा, काठ, पदर, लांबी आणि रंग हे त्या साडीवरचे वेगवेगळे पैलू.

पैलू पाडले तरी साडी चकवतेच. इरकलच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, परंपरेने सुती आणि पदराचा रेशमी. दोन्ही ताणे फासे अडकवून जोडतात. ‘धागा’ या रकान्यात एकच पर्याय निवडता येत असेल तर इथे काय निवडणार? म्हणून अंगाचा ताणा, आडवा बाणा आणि पदर यांचे धागे वेगळे नोंदवावे लागतात आणि फिल्टरमध्ये साडी ‘सुती’ व ‘रेशीम’ दोन्हीकडे यावी लागते. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. तिलाही दोन रंग लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरा बदल कायद्याने आणला. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही ठरावीक प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं, त्यात साडीही आहे. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. पोचमपल्ली इकत, पैठणी अशी नावं नोंदली गेली आणि बाजारातला बोलीशब्द कायद्याने राखलेलं नाव झाला. यंत्रमागाच्या ‘सेमी पैठणी’ला पैठणीच्याच कप्प्यात बसवणं तेव्हापासून निव्वळ ढिसाळपणा राहिलेला नाही. मला तर ‘सेमी’ हा शब्दच खटकतो. पारखीची खूण साधी आहे: अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. म्हणून पदराच्या मागच्या बाजूचा फोटो हा कॅटलॉगमधला कायमचा रकाना असावा. ‘हातमाग’ एवढी खूण करून भागत नाही.

राहिला संख्येचा प्रश्न. दुकानाची तयार सॉफ्टवेअरं शर्टासाठी घडली: एक उत्पादन, त्याखाली माप आणि रंगांचे प्रकार, प्रत्येकाचे अनेक नग. हातमागावर तसं नसतं. पुढच्या साडीत रंगाची छटा आणि बुट्ट्यांची दाटी बदलते, म्हणून प्रत्येक साडी हा स्वतंत्र नग. समजा दुकानात ३०० साड्या आहेत आणि फिल्टर असे: ४ धागे, ५ तंत्रं, १० रंग, ४ किमतींचे टप्पे. जोड्या ८०० होतात. म्हणजे एक साडी एकाच जोडीत धरली तर निम्म्याहून जास्त जोड्यांवर ‘काही सापडलं नाही’ हेच दिसणार. उपाय दोन: प्रत्येक पर्यायापुढे नगांची संख्या दाखवायची आणि शून्य झालेला पर्याय तिथल्या तिथे लपवायचा, आणि सुरुवातीला फक्त प्रसंग आणि किंमत उघडी ठेवून काठ-पदर खाली मिटलेले ठेवायचे. गादीवरचा माणूसही याच क्रमाने विचारायचा.